पार्श्वध्वनीचा पंचनामा

अनंत चतुर्दशीच्या रात्री आणि तिच्या मागोमाग येणाऱ्या दोन-तीन दिवसांत 'लालबागची मिरवणूक' अशा मथळ्याच्या असंख्य चित्रफिती हातोहात फिरू लागतात. त्यांतील काही खरोखरच लालबागच्या असतात, काही भायखळ्याच्या किंवा गिरगावच्या असतात, काही पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या असतात, आणि काही तर त्या वर्षीच्याही नसतात. चित्र पाहून याचा निवाडा करावा म्हटले तर रात्रीचा अंधार, गुलालाचा धूर, डोळे दिपवणारे दिवे आणि वर उंचावलेले शेकडो हात यांपलीकडे दृष्टीला फारसे काही लाभत नाही, कारण दुकानाची पाटी, चाळीचे नाव किंवा रस्त्याचा फलक ज्या उजेडात वाचता यावा तो उजेड मिरवणुकीच्या दिव्यांनी गिळून टाकलेला असतो. अशा वेळी त्याच फितीत बंदिस्त झालेला ध्वनी मात्र पुष्कळ बोलका असतो. कॅमेऱ्याची काच समोरच्या एका चौकटीपुरतेच पाहते, परंतु फोनचा मायक्रोफोन मागचे, वरचे, भिंतीपलीकडचे आणि दूर अंतरावरचे सगळेच ऐकत असतो, आणि चित्रीकरण करणाऱ्याला त्याची खबरही नसते.

या ध्वनींची सरळ विभागणी करावयाची झाल्यास ती दोन वर्गांत होते. एक मागितलेला आवाज, म्हणजे ज्याच्यासाठी लोक तेथे जमले तो बेंजो, ढोल, ताशा, गाणे, घोषणा. आणि दुसरा न मागितलेला आवाज, म्हणजे जो त्या जागेचाच आहे व मिरवणूक नसती तरी तेथे असताच असा. प्रथमदर्शनी मन पहिल्याकडे धावते, कारण तो मोठा असतो आणि ओळखीचा वाटतो. परंतु स्थाननिश्चितीच्या कामी त्याचे मोल थोडे आहे, कारण वाद्ये आणि गाणी गावोगाव फिरतात, बेंजोची पार्टी लालबागेत सुपारी घेते तशीच ठाण्यात व पनवेलीतही घेते. जागा सोडून जे कोठे जात नाही ते रूळ, पूल, भिंती आणि त्यांच्या अंगाखांद्यावरून परतणारा नाद. प्रस्तुत लेखाचा सारा रोख या दुसऱ्या वर्गाकडे आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून नमुन्यादाखल एक फीत कल्पू. तिची लांबी 52 सेकंद, रात्रीची वेळ, समोर दिव्यांनी मढवलेला टेम्पो, त्यावर बेंजोवाले, मथळा 'लालबाग, विसर्जन'. वाचता येईल अशी एकही पाटी नाही. आता ही फीत लालबागची आहे किंवा कसे, एवढाच तपास करावयाचा आहे.

पहिले काम, फितीची शक्य तितकी मूळ प्रत मिळवणे. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना फीत दर वेळी दाबली जाते आणि त्या दाबण्यात प्रथम बळी जातात ते अतिसूक्ष्म, उंच पट्टीचे ध्वनी. झांजेची किनार, काचेचा खळखळाट, कीटकांची किरकिर ही नाहीशी होतात. सुदैवाने ठोक्यांमधील अंतर, भोंग्यांची पट्टी आणि प्रतिध्वनीचा विलंब हे या दाबणीत बहुधा टिकून राहतात, आणि आपला तपास मुख्यत्वे त्यांच्यावरच चालणार आहे. मिळालेल्या प्रतीतून ध्वनी वेगळा काढण्यास पुढील एक आज्ञा पुरते. तीत चित्र गाळले जाते आणि ध्वनी पुन्हा न दाबता साध्या स्वरूपात उतरतो:

```
ffmpeg -i clip.mp4 -vn -c:a pcm_s16le awaz.wav
```

हा ध्वनी ऑडॅसिटीसारख्या साधनात उघडला म्हणजे त्याची दोन रूपे पाहता येतात. एक तरंगरूप, ज्यात प्रत्येक ठोका शिखरासारखा उभा दिसतो आणि दोन शिखरांमधील अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येते. दुसरा स्पेक्ट्रोग्राम, ज्यात आडवा अक्ष काळाचा, उभा अक्ष पट्टीचा, आणि आवाजाचा जोर रंगाच्या गडदपणाने दाखवलेला असतो. परंतु यंत्राकडे वळण्यापूर्वी चित्र झाकून, चांगल्या हेडफोनमधून फीत अथपासून इतिपर्यंत पुनःपुन्हा ऐकावी आणि पंचनाम्याच्या पद्धतीने कागदावर नोंद करावी: कोणत्या सेकंदाला, कोणता आवाज, जवळचा की दूरचा, आणि ओळख पक्की की संशयित. चित्र झाकण्याचे कारण असे की डोळ्यांना टेम्पो दिसत असला म्हणजे कान प्रत्येक घरघर टेम्पोच्याच खाती जमा करतो. मथळाही विसरावा, 'लालबाग' हा शब्द एकदा मनात बसला की कोणत्याही घंटेत आपल्याला लालबागचीच घंटा ऐकू येऊ लागते.

त्यानंतर विचारावयाचा प्रश्न असा की ऐकू येणारे संगीत मुळात त्या जागेवर वाजत होते काय. पुष्कळ फितींवर गाणे मागाहून चढवलेले असते, आणि अशा फितीतून जागेचा शोध घेणे व्यर्थ होय. मागाहून चढवलेले संगीत ओळखण्याच्या खुणा स्पष्ट आहेत: ते आरंभापासून अखेरपर्यंत एकाच जोराचे राहते, कॅमेरा वळला किंवा पुढे सरकला तरी त्यात फरक पडत नाही, चित्रात तुकडे जोडलेले असले तरी गाणे मात्र अखंड वाहते, आणि त्याला भिंतींचा नाद मुळीच चिकटलेला नसतो. जागेवरचे संगीत मळलेले असते. त्यात माणसांचे ओरडणे मिसळते, कॅमेरा फिरला की त्याची धार बोथट होते, आणि जोराच्या ठोक्याला फोनचा मायक्रोफोन क्षणभर चरकतो. आपल्या नमुन्यात कॅमेरा अकराव्या सेकंदाला टेम्पोकडे पाठ फिरवतो आणि त्याच क्षणी बेंजोची किनार मंदावते. म्हणजे संगीत जागेवरचे आहे, एवढी रुजुवात झाली.

आता ते गाणे कोणते. ध्वनिमुद्रित गाणे यंत्राने ओळखण्याची विद्या आता जुनी झाली. शॅझम ही सेवा ब्रिटनमध्ये 2002 साली दूरध्वनीवरून सुरू झाली आणि तिची रीत एव्हरी वांग यांनी 2003 साली एका निबंधात प्रसिद्ध केली. स्पेक्ट्रोग्राममधील केवळ ठळक शिखरे घ्यावयाची, बाकी सारे सोडून द्यावयाचे. मग ती शिखरे काळ्या आकाशातील तारकांसारखी दिसतात, आणि दोन-दोन तारकांची जोडी, म्हणजे त्या दोहोंच्या पट्ट्या व त्यांमधील काळाचे अंतर, हीच त्या गाण्याची खूण ठरते. गोंगाटात बरीच शिखरे बुडाली तरी उरलेल्या थोड्या जोड्या जुळल्या की काम भागते, ही तिची शक्ती. आणि ठीक तेच मुद्रण लागते, ही तिची मर्यादा. टेम्पोवरचा बेंजोवाला तेच गाणे स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या लयीत वाजवतो, तेव्हा एकही जोडी जुळत नाही आणि यंत्र मुके होते. तेथे माणसाचाच कान हवा, आणि तोही त्या गाण्यांत वाढलेला.

समजा, कानाने ओळखले की बेंजोवर 'सैराट'मधील 'झिंगाट' वाजते आहे. तो चित्रपट 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला. तेव्हा ही फीत अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची असेल तर ती 15 सप्टेंबर 2016 पूर्वीची असू शकत नाही. गाण्याने काळाची अलीकडची नव्हे, पलीकडची हद्द आखून दिली. त्या गाण्याचा जन्म झाल्यावर ते कितीही वर्षे वाजू शकते. आणि जागेविषयी त्याने काहीच सांगितले नाही, कारण त्या वर्षानंतर ते गाणे वाजले नाही असे गाव महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

वाद्यमेळ्यावरून थोडा अधिक बोध होतो. तारांवर बोटांनी पट्ट्या दाबून वाजवावयाचा, ध्वनिवर्धकातून कर्कश होऊन बाहेर पडणारा बेंजो, त्याच्या जोडीला कच्छी ढोल आणि ताशा, हा थाट मुंबईच्या चाळींतला आणि कोळीवाड्यांतला. तर शेकडो ढोलांची एका लयीत चालणारी पथके, मध्ये ताशांची तर्री आणि झांजांचा खणखणाट, हा थाट पुण्यातला. परंतु पुण्याच्या धर्तीची पथके आता मुंबईतही उभी आहेत आणि बेंजो मुंबईबाहेरही पोचला आहे, तेव्हा या निकषाला मी साक्षीदाराचा दर्जा देईन, निकालाचा देणार नाही. घोषणांचेही तसेच. 'गणपती बाप्पा मोरया' बडोद्यापासून बेळगावपर्यंत आणि हैदराबादेतही ऐकू येते. 'ही शान कोणाची' या सवालाला 'लालबागच्या राजाची' असा जबाब ऐकू आला तर तो राजा जवळपास आहे एवढाच तर्क होतो, आणि तो राजा तर दिवसभर व रात्रभर चालत लालबागहून भायखळा, नागपाडा, दोन टाकी, सी. पी. टँक, ऑपेरा हाऊस असे कित्येक मोहल्ले ओलांडून गिरगाव चौपाटीला जातो.

येथवर जे हाती आले ते सारे मागितलेल्या आवाजातून आले, आणि ते पाहता जागेचा प्रश्न जवळजवळ जेथल्या तेथेच आहे. खरा ऐवज मिळतो तो दोन गाण्यांमधल्या विश्रांतीत. आपल्या नमुन्यात चौतिसाव्या सेकंदाला बेंजो थांबतो, वादक हात झटकतो, आणि पुढचे गाणे सुरू होईपर्यंत सहा सेकंद जातात. या सहा सेकंदांत एक महत्त्वाची गोष्ट घडते. फोनमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा असते; मोठा आवाज चालू असता ती मायक्रोफोनचे कान आवळून धरते आणि शांतता होताच ते हळूहळू सैल सोडते. म्हणून बेंजो थांबल्यावर पहिला क्षण निर्जीव वाटतो, आणि मग पाठीमागचे सारे जग वर उगवून येते. यातूनच एक इशाराही घ्यावयाचा: या विश्रांतीत ऐकू आलेल्या आवाजाच्या मोठेपणावरून त्याचे अंतर कधीही ठरवू नये, कारण तो मोठेपणा फोनने स्वतः दिलेला असतो.

त्या सहा सेकंदांत वरच्या बाजूने काहीतरी 'धड्-धड्' असे जोडीने वाजते, पुन्हा थोड्या अवकाशाने जोडीनेच वाजते. तरंगरूपात पाहता जोडीतील दोन ठोक्यांमध्ये साधारण 0.15 सेकंदाचे अंतर दिसते. उड्डाणपुलाच्या दोन गाळ्यांमध्ये उन्हाने प्रसरण पावण्यासाठी ठेवलेली फट असते. तिच्यावरून मोटार गेली की प्रथम पुढची चाके आणि मग मागची चाके आपटतात. मोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर अडीच मीटरच्या आसपास धरले, तर 0.15 सेकंद म्हणजे सेकंदाला सुमारे सतरा मीटर, म्हणजे ताशी साठ किलोमीटर वेग येतो. मोकळ्या पुलावरून रात्री जाणाऱ्या मोटारीला हा वेग शोभतो, गर्दीने तुंबलेल्या रस्त्यावरच्या मोटारीला मुळीच शोभत नाही. खाली मिरवणूक आणि वर वाहता पूल, अशी ही जागा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर लालबागचा उड्डाणपूल 2011 साली खुला झाला. तेव्हा गाण्याने घातलेल्या मर्यादेशी हे विसंगत नाही, आणि गिरगाव व पुण्याचा लक्ष्मी रस्ता ही दोन्ही ठिकाणे मात्र या ठोक्यांनी बाद होतात. तथापि त्याच मार्गावर परळ-हिंदमाता येथेही उड्डाणपूल आहे. म्हणून एवढ्यावर 'लालबाग' असा शेरा मारण्याची घाई करू नये.

याच विश्रांतीत रेल्वेचा भोंगा ऐकू येतो, सुमारे दोन सेकंद. येथे डॉप्लरचा नियम कामी येतो. गाडी जवळ येत असता भोंग्याची पट्टी चढलेली असते, दूर जाताना उतरते. साठ किलोमीटर वेगाच्या गाडीसाठी हा फरक जवळजवळ दहा टक्क्यांचा असतो, म्हणजे शुद्ध ऋषभावरून षड्जावर येण्याच्या किंचित अलीकडे. परंतु हा उतार किती वेळात होतो यावरून ऐकणाऱ्याचे रुळांपासूनचे अंतर कळते. रुळांच्या काठी, दहा-बारा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला तो उतार एक-दोन सेकंदांत, झपकन् खाली कोसळल्यासारखा ऐकू येतो. चारशे मीटरवर उभे राहिले तर तोच उतार अर्ध्या-पाऊण मिनिटावर पसरतो आणि दोन सेकंदांच्या भोंग्यात तो कानाला तर नाहीच, स्पेक्ट्रोग्रामलाही जेमतेम कळतो. आपल्या नमुन्यातील भोंग्याची रेघ सरळ आडवी आहे. तेव्हा गाडी उभी होती, किंवा ती अजून पुष्कळ लांब होती, किंवा रूळच दूर होते. मात्र एखाद्या रेल्वे फाटकापाशी वा स्थानकाच्या जिन्याशी उभे राहून, गाडी भोंगा वाजवत समोरून धावत जात असता, ही फीत घेतलेली नाही. करी रोड आणि चिंचपोकळी ही मध्य रेल्वेची स्थानके आंबेडकर मार्गाच्या पश्चिमेला, त्या मार्गापासून काही शे मीटरवर आहेत, आणि लालबागच्या हमरस्त्यावरून भोंगा असाच, अंतर राखून, ऐकू यावयाचा. याउलट एखाद्या फितीत 'पुढील स्टेशन' या मराठी उद्घोषणेनंतर हिंदी व इंग्रजी उद्घोषणा स्पष्ट ऐकू आली तर ती गाडीच्या डब्यातच घेतलेली होय, आणि तेथे तपासाला नावानिशी दाखलाच मिळतो.

राहिला भिंतींचा प्रश्न. फितीच्या सातव्या सेकंदाला सुतळी बॉम्ब फुटतो. एवढा आखूड आणि एवढा जोरदार आवाज दुसरा नाही, म्हणून जागेचे माप घेण्यास तो सर्वांत उत्तम. तरंगरूपात त्याचे उंच शिखर दिसते आणि त्याच्यामागे सुमारे 0.115 सेकंदाने दुसरे, ठेंगणे शिखर दिसते. मुंबईच्या दमट उष्म्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 349 मीटर जातो; 0.115 सेकंदात तो चाळीस मीटर गेला, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस, म्हणजे भिंत सुमारे वीस मीटरवर. हा हिशेब बॉम्ब आणि फोन एकमेकांजवळ असतील तरच खरा. म्हणून चित्रात बॉम्बचा लखलखाट आणि ध्वनीत त्याचा कडाका यांची सांगड घालून पाहावी. सेकंदाला तीस चौकटी असलेल्या फितीत एका चौकटीच्या काळात ध्वनी साडेअकरा मीटर जातो. लखलखाट आणि कडाका एकाच चौकटीत सापडले तर बॉम्ब त्या अंतराच्या आत फुटला असे धरता येते, आणि भिंतीच्या अंतरात चार-पाच मीटरांची कसर सोडली की आकडा वापरण्याजोगा होतो. आता हे पाहा: गणेश गल्लीसारख्या अरुंद गल्लीत भिंत चार मीटरवर असली तर प्रतिध्वनी 0.023 सेकंदातच परतेल, आणि 0.05 सेकंदाच्या आतला प्रतिध्वनी मनुष्याचा कान वेगळा काढू शकत नाही; तो मूळ आवाजात मिसळून त्याला नुसता टणकपणा आणतो. वीस मीटरवरची भिंत म्हणजे रुंद हमरस्ता. फीत गल्लीतली नाही, मार्गावरची आहे.

मिरवणुकीच्या ऐवजी दर्शनाच्या रांगांची फीत असेल तर हेच माप कर्ण्यांवरून घेता येते. नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग यांना सूचना देण्यासाठी रस्त्याच्या कडेने ठराविक अंतरावर कर्णे टांगलेले असतात, आणि एकच शब्द जवळच्या कर्ण्यातून आधी, पलीकडच्यातून मागाहून ऐकू येतो. शब्दाची शेपटी 0.2 सेकंदाने पुन्हा उमटली तर दोन कर्ण्यांच्या अंतरांत सत्तर मीटरांचा फरक आहे. कर्ण्यांची अशी लांब माळ मोठ्या रांगेवाचून कोणी टांगीत नाही.

वीजप्रवाहाच्या गुणगुणीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण तिच्याविषयी भलते समज पसरले आहेत. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. रोहित्रे, जुन्या नळीच्या दिव्यांची चोके, ध्वनिवर्धक यांच्यातून तिची गुणगुण बहुधा दुप्पट, म्हणजे शंभर कंपनांच्या पट्टीवर ऐकू येते. हा पन्नासाचा आकडा क्षणोक्षणी अत्यल्प वरखाली होत असतो आणि त्या वरखालीची नोंद ठेवली तर मुद्रणाचा काळ सापडतो. लंडनच्या पोलिसांनी अशी अखंड नोंद 2005 च्या सुमारास ठेवावयास घेतली. परंतु काळ सापडतो, ठिकाण नव्हे. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले, आणि तेव्हापासून भारतभर ही वरखाली एकच आहे. लालबाग आणि कोलकाता यांत या मार्गाने भेद करता येत नाही. भेद होतो तो परदेशाशी. न्यू जर्सीतील मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची फीत लालबागची म्हणून कोणी खपवली तर तेथील विजेची गुणगुण शंभराऐवजी एकशेवीसवर सापडेल, आणि तेवढ्यावरच तो दावा निकालात निघेल. आता मिरवणुकीतली मेख: बेंजोच्या टेम्पोवर वीज रस्त्याच्या तारांतून येत नाही, ती टेम्पोवरच्याच जनरेटरची असते, ढोलाच्या प्रत्येक घावाला ध्वनिवर्धक जास्त वीज ओढतो, जनरेटर क्षणभर दमतो आणि गुणगुणीची रेघ खाली लवते. अशी लवणारी रेघ दिसली तर तिच्यावरून काळही काढू नये. ती त्या टेम्पोची खासगी बाब आहे.

उलट दिशेने नेणाऱ्या खुणांचाही शोध घेतलाच पाहिजे, आणि माझ्या मते तोच तपासाचा सचोटीचा भाग होय. आपल्या नमुन्यात शेवटल्या पाच सेकंदांत अनेक भोंगे एकदम वाजू लागले असते, त्यांची पट्टी जागच्या जागी आवर्तने घेत राहिली असती आणि गर्दी वाट देण्याऐवजी जल्लोष करू लागली असती, तर मी 'लालबाग' खोडून 'भायखळा' लिहिले असते; कारण भायखळ्याच्या अग्निशमन केंद्रापाशी जवान गाड्यांचे भोंगे वाजवून मिरवणुकीला मानवंदना देतात. तसेच, सूर्यास्ताची अजान पाठीमागे ऐकू आली आणि फितीची खरी वेळ अन्य मार्गाने माहीत असली, तर पूर्वेकडची गावे बाद करता येतात: एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने पुण्याचा सूर्य मुंबईपेक्षा चार मिनिटे आधी मावळतो आणि नागपूरचा सुमारे पंचवीस मिनिटे आधी. पुण्याच्या चार मिनिटांवर कोणी फारसा भरवसा ठेवू नये. नागपूरच्या पंचवीसांवर खुशाल ठेवावा. आणि एखाद्या जुन्या फितीत गिरणीचा भोंगा पाळी सुटल्यासारखा ऐकू आला तर तिचा काळ 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपाच्या अलीकडे ओढताना शंभरदा विचार करावा, कारण त्या संपाने गिरणगावचे भोंगे एकामागून एक कायमचे मुके केले.

गणेशोत्सव सोडून वर्षाच्या इतर दिवसांत लालबागला स्वतःचा म्हणावा असा एक आवाज आहे, आणि तो येथे नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. मार्चपासून मेपर्यंत मसाला गल्लीत डंक चालतात: लोखंडी मुसळांची रांग, विजेच्या मोटारीने फिरणारा दांडा, त्यावरील उंचवटे एकेका मुसळाला पाळीपाळीने उचलतात आणि सोडतात, आणि मुसळ उखळीतल्या मिरचीवर आपल्या भाराने पडते. मुसळे एकसारखी असली तरी उखळीतला माल कमी-अधिक असतो, म्हणून ठोक्यांतील एखादा किंचित बद्द आणि एखादा किंचित टणक वाजतो, आणि तोच नमुना न चुकता फिरून येतो. स्पेक्ट्रोग्रामवर त्या ठोक्यांच्या उभ्या रेघा दिसतात आणि त्यांच्याखाली मोटारीची मंद पट्टी पसरलेली असते, मोटार मिनिटाला 1440 फेऱ्यांची असेल तर सेकंदाला चोवीस कंपनांची. एकटा डंक महाराष्ट्रात कोठेही असू शकतो. परंतु शेजारशेजारच्या दुकानांतले अनेक डंक, ज्यांच्या लयी एकमेकींवरून सरकत कधी जुळतात आणि कधी विखुरतात, आणि त्यांच्यामध्ये तिखटाने ठसका लागून शिंकणारी गिऱ्हाइके, असे एकत्र ऐकू आले तर मी पहिला कौल लालबागला देईन.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. ज्या साधनांनी सार्वजनिक मिरवणुकीची जागा सापडते त्याच साधनांनी एखाद्या खोलीत बसून बोलणाऱ्या बाईचे घरही सापडू शकते. खिडकीबाहेरची गाडी, शेजारची शाळेची घंटा, खालच्या गिरणीचा पट्टा यांनी पत्ता उघडा पडतो. जाहीर दाव्याची शहानिशा करावयाची तर ती खुशाल करावी. कोणाच्या खासगी वस्तीचा माग काढण्यास ही विद्या वापरणे मला नामंजूर आहे.

आता नमुन्याकडे परत. शेवटची पायरी कागदावरची नाही, पायांची आहे: रात्री त्याच सुमारास आंबेडकर मार्गावर जाऊन, लालबागच्या पुलाखाली तीन-चार ठिकाणी आणि परळच्या पुलाखाली दोन ठिकाणी उभे राहून, साध्या फोनवर पाच-पाच मिनिटांचे मुद्रण करावे, प्रत्येक ठिकाणी एक जोराची टाळी वाजवावी. टाळीचा प्रतिध्वनी 0.115 सेकंदाच्या जवळ कोठे येतो, पुलाचे जोडठोके कोठे तसेच वाजतात, आणि रेल्वेचा भोंगा कोठे ऐकू येतो, कोठे इमारतींनी अडवला जातो, हे ताडून पाहिले की उरलेल्या जागांपैकी काही गळून पडतात. मिरवणुकीच्या रात्रीची गर्दी टाळीच्या रात्री नसते, आणि माणसांची अंगे आवाज शोषून घेतात, म्हणून प्रतिध्वनीचा विलंब जुळतो की नाही एवढेच पाहावे, त्याचा जोर जुळण्याची अपेक्षा धरू नये. मग निष्कर्ष लिहिताना मी पुढील मजकूर लिहीन: फीत 2016 पूर्वीची नाही; संगीत जागेवरचे; रुंद रस्ता, वर वाहता उड्डाणपूल, रेल्वे काही अंतरावर; आंबेडकर मार्गावरील लालबाग ते परळ हा पट्टा संभवनीय, त्यात लालबाग अधिक संभवनीय; गिरगाव, गणेश गल्ली आणि लक्ष्मी रस्ता असंभवनीय; विसर्जनाची की आगमनाची, हे ध्वनीवरून अनिर्णित. शेवटचा रकाना, नेमक्या इमारतीचा, कोरा सोडावा.